बूलियननंतर बिघडलेली मेश निस्तरायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लेंडरमध्ये बूलियननं भोक पाडणं दोन मिनिटांचं काम आहे. अर्धा दिवस जातो तो त्यानंतरचं निस्तरण्यात. सपाट वस्तूवर भोक पाडलं तर फारसं काही बिघडत नाही, गोलाईवर पाडलं की बिघडतं. म्हणून खालची सगळी उत्तरं मी एकाच वस्तूवर बेतली आहेत: तांब्याचा पाणी तापवायचा बंब आणि त्याच्या तोटीसाठीचं भोक. घासूनपुसून चकचकीत केलेल्या तांब्यावर शेडिंगची कुठलीही चूक लपत नाही.

मापं अशी धरू. बंबाचा घेर 32 बाजूंचा, व्यास 36 सेंमी, उंची 50 सेंमी, पत्रा 1.5 मिमी जाड. भोकाचा व्यास 5 सेंमी आणि कटर 16 बाजूंचा सिलिंडर. खऱ्या बंबाची तोटी इतकी जाडजूड नसते, पण भोक दोन फेसवर पसरलेलं दिसावं म्हणून मुद्दाम मोठं घेतलंय. मेन्यूंची नावं 4.1 आणि त्यानंतरच्या ब्लेंडरप्रमाणे आहेत.

भोक तर नीट पडलं, मग भोवतीच्या पत्र्यावर काळपट डाग का दिसतात?

आधी सोपं कारण तपासा. नुसतं `Shade Smooth` केलं असेल, तर भोकाच्या काठावर बाहेरचा पत्रा आणि आतली भिंत या दोघांच्या नॉर्मलची सरासरी निघते. काठावरचा नॉर्मल जवळजवळ 45 अंशांनी कलतो आणि भोकाभोवती काळं पसरतं. राइट क्लिक करून `Shade Auto Smooth` निवडा. कोन 30 अंशांवरच राहू द्या. बंबाच्या दोन शेजारच्या फेसमधला कोन 11.25 अंश आहे, त्यामुळे गोलाई गुळगुळीत राहते आणि भोकाची 90 अंशांची कड तेवढी तीक्ष्ण होते.

इथं बहुतेकांना वाटतं, झालं काम. पण एवढं करूनही भोकाभोवती फिकट, चुरगळल्यासारखी छटा उरते. ती का उरते हे कळलं की पुढची सगळी उत्तरं आपोआप उलगडतात.

बंब गोल दिसतो, पण मेशमध्ये तो 32 सपाट पट्ट्यांचा आहे. प्रत्येक पट्टी साधारण 3.5 सेंमी रुंद. ती गोल भासते, कारण पट्टीच्या दोन्ही कडांवरचे नॉर्मल बाहेरच्या बाजूला थोडे कललेले असतात आणि मधल्या जागेत ते हळूहळू बदलत जातात. आता दोन पट्ट्यांच्या सांध्यावर मधोमध भोक पाडलं. काठावर जे नवे व्हर्टेक्स आले, त्यांना बाहेरच्या बाजूनं एकच सपाट पट्टी लागून आहे. म्हणून त्यांचा नॉर्मल त्या पट्टीचाच, म्हणजे सांध्यापासून 5.6 अंश कललेला. काठावरचा वरचा, बरोबर सांध्यावर बसलेला व्हर्टेक्स दोन्ही पट्ट्यांचा आहे, त्याचा नॉर्मल बरोबर येतो. पण त्याच्या लगतचा व्हर्टेक्स खऱ्या गोलाईप्रमाणे 3 अंशांवर असायला हवा, तो एकदम 5.6 वर गेलेला असतो.

अडीच अंशांनी काय होतंय, असं वाटेल. पण प्रतिबिंब त्याच्या दुप्पट फिरतं. मातीच्या माठावर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तांब्यावर मात्र खिडकीचं प्रतिबिंब तिथं मुरडतं.

त्यात एनगॉनची भर. भोक पडल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना 13-13 कोनांचा एकेक फेस तयार होतो. ब्लेंडर तो दाखवताना त्याचे त्रिकोण करतो, आणि त्यातले काही त्रिकोण भोकाच्या काठापासून थेट बंबाच्या तोंडापर्यंत, 20-25 सेंमी लांब जातात. काठावरचा चुकीचा नॉर्मल त्या त्रिकोणांवरून वरपर्यंत वाहून नेला जातो. चूक काठावरची, डाग मात्र अख्ख्या अंगावर.

म्हणजे एनगॉन वाईटच?

नाही. सपाट पृष्ठभागावर चाळीस कोनांचा एनगॉन असला तरी शेडिंगला काही फरक पडत नाही, कारण सगळे नॉर्मल एकाच दिशेला आहेत. लोखंडी पट्टीला चार भोकं पाडायची असतील तर पाडा आणि पुढच्या कामाला लागा. क्वाडचा हट्ट धरून त्यावर दोन तास घालवणारे मी पाहिलेत, मीही त्यातलाच होतो. एनगॉन त्रास देतो तो तीन ठिकाणी: गोलाईवर, सबडिव्हिजनखाली, आणि जिथं पुढे लूप कट टाकायचे असतात तिथं.

सॉल्व्हर कुठला निवडू?

`Exact` घ्या. 2020 मध्ये 2.91 सोबत आला, आणि कटरचा फेस पृष्ठभागाला तंतोतंत टेकलेला असला तरी तो गोंधळत नाही. 4.5 पासून `Manifold` पण आहे. तो खूप वेगवान आहे, पण दोन्ही वस्तू पाणी न गळणाऱ्या, पूर्ण बंद हव्यात. सॉल्व्हर बदलून टोपॉलॉजी सुधारेल अशी आशा ठेवू नका. त्यानं फक्त भोक पडणार की नाही हे ठरतं.

कटर लावण्याआधी काय तपासायचं?

दोन्ही वस्तूंचा स्केल `Ctrl+A` नं अप्लाय करा. `Face Orientation` ओव्हरलेमध्ये दोन्ही वस्तू बाहेरून लाल दिसायला नकोत. लाल दिसल्या तर `Shift+N`. पत्र्याची जाडी `Solidify` नं दिली असेल तर तो मॉडिफायर बूलियनच्या वर हवा. कटर दोन्ही बाजूंना निदान सेंटिमीटरभर बाहेर डोकावू द्या.

हे सगळे करतात. बहुतेक जण करत नाहीत ते कटरची जागा जुळवणं, आणि नंतरचा अर्धा त्रास तिथूनच येतो. कटरचा वरचा आणि खालचा व्हर्टेक्स बरोबर सांध्यावर बसला, तर भोकाच्या काठावर 16 व्हर्टेक्स येतात. कटर 0.5 मिमी जरी सरकलेला असला, तरी सांध्याची एज कटरच्या बाजूला त्या व्हर्टेक्सजवळ छेदते आणि तिथं नवा व्हर्टेक्स बनतो. वर एक, खाली एक. काठावर 18 झाले, आणि त्यात दोन एजेस जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या. पत्र्याच्या आतल्या बाजूलाही तेवढ्याच. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. बेव्हल दिला की तिथं केसाएवढी पट्टी उठते आणि भोकाच्या डोक्यावर काळी रेघ दिसते.

म्हणून एडिट मोडमध्ये सांध्याची एज निवडा, `Shift+S` मधून `Cursor to Selected` करा, मग ऑब्जेक्ट मोडमध्ये येऊन कटर निवडा आणि `Selection to Cursor`. उंची नंतर फक्त `G`, `Z` नं बदला. कटरचा व्हर्टेक्स अगदी वर आहे ना, तेही बघा. तो अर्ध्या घरानं फिरलेला असेल तर 11.25 अंश फिरवा.

आता भोक पाडून झालंय, कटर हलवता येत नाही. आखूड एजेस शोधायच्या कशा?

एडिट मोडमध्ये एज सिलेक्ट चालू करा, आधीची निवड `Alt+A` नं काढून टाका आणि हे चालवा. 1 मिमीपेक्षा आखूड एजेस निवडल्या जातील:

```python
import bpy, bmesh
me = bpy.context.edit_object.data
bm = bmesh.from_edit_mesh(me)
for e in bm.edges:
    if e.calc_length() < 0.001:
        e.select_set(True)
bmesh.update_edit_mesh(me)
```

लांबी वस्तूच्या स्वतःच्या मापात मोजली जाते, त्यामुळे स्केल अप्लाय नसेल तर उत्तर चुकेल.

`Merge by Distance` केलं की हे सगळं साफ होईल ना?

त्याचं मूळ अंतर 0.0001 मीटर, म्हणजे 0.1 मिमी. आपल्या अर्ध्या मिलिमीटरच्या एजेस त्यातून सुटतात. खाली "Removed 0 vertices" असं येतं आणि माणूस निश्चिंत होतो.

मग अंतर वाढवायचा मोह होतो. मी एकदा घाईत सगळं निवडून अंतर 2 मिमी केलं. आखूड एजेस गेल्या, पण पत्राच 1.5 मिमीचा होता. भोकाच्या काठावरचे बाहेरचे आणि आतले व्हर्टेक्स एकमेकांना चिकटले, भिंत नाहीशी झाली आणि बंबाच्या तोंडाची कडही मिटली. लांबून मॉडेल ठीक दिसत होतं. बेव्हल लावल्यावर ते कळलं, तोवर अंडूची हद्द संपली होती.

त्यामुळे अंतर नेहमी सगळ्यात पातळ जागेपेक्षा कमी ठेवा, आणि निवड फक्त काठाची असू द्या. त्याहून बरं म्हणजे हातानं करा. आधी कटरमुळे आलेला व्हर्टेक्स निवडा, मग `Shift` दाबून सांध्यावरचा निवडा, `M` दाबून `At Last`. दोन्ही व्हर्टेक्स सांध्यावरच्या जागी एकत्र येतात आणि सांधा वाकडा होत नाही. चार ठिकाणी करायचंय, एक मिनिटही लागत नाही.

भोकाभोवती एजेस ओढायच्या कशा?

तयारी भोक पाडण्याआधी करावी लागते. बंबावर तीन आडवे लूप कट टाका: एक भोकाच्या मध्याच्या उंचीला, एक त्याच्या 3.5 सेंमी वर, एक 3.5 सेंमी खाली. दोन पट्ट्या मिळून रुंदी साधारण 7 सेंमी होते, म्हणजे भोकाभोवती जवळजवळ चौरस चौकट तयार होते. सगळा बिघाड या चौकटीत कोंडायचा आहे.

आता बूलियन करा. चौकटीचे चार पाव भाग होतात, प्रत्येक आठ कोनांचा. वरचा उजवा भाग बघू. त्यात चौकटीचा कोपरा आहे, वरच्या लूपवर सांध्याचा बिंदू आहे, उजवीकडे मधल्या लूपवरचा बिंदू आहे, आणि भोकाच्या काठावरचे पाच व्हर्टेक्स आहेत. त्यांना वरून उजवीकडे एक ते पाच म्हणू.

कोपरा आणि काठावरचा तिसरा व्हर्टेक्स निवडून `J` दाबा. तिरकी एज पडते आणि दोन पंचकोन होतात. मग वरचा सांध्याचा बिंदू दुसऱ्या व्हर्टेक्सला जोडा, आणि उजवीकडचा बिंदू चौथ्याला. प्रत्येक पाव भागात दोन क्वाड आणि दोन त्रिकोण राहतात. त्रिकोण दिसले म्हणून अस्वस्थ होऊ नका. ते सपाट पट्टीवर आहेत, काही बिघडवत नाहीत. उरलेल्या तीन भागांत हेच करा, आणि पत्र्याच्या आतल्या बाजूलाही, जर ती दिसणार असेल तर. बंबाच्या आत कोण डोकावतंय?

एवढ्यानं डाग जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काठावरचे नॉर्मल अजून चुकलेलेच आहेत. फक्त 50 सेंमीभर पसरलेला डाग आता 7 सेंमीच्या चौकटीत बंद झालाय. मॅट रंगाच्या वस्तूला एवढं पुरतं.

उरलेला डाग घालवायचा कसा?

न कापलेल्या बंबाचे नॉर्मल उसने घ्यायचे. कापण्याआधी बंबाची एक प्रत करून ठेवा, फक्त बाहेरचं कवच, `Shade Smooth` केलेलं, जागा अगदी तीच. रेंडरमधून ती लपवा.

कापलेल्या बंबावर आधी बूलियन अप्लाय करा आणि भोकाच्या दोन्ही काठांना 0.5 मिमीचा बेव्हल द्या, सेगमेंट चार. बेव्हल इथं शोभेसाठी नाही, त्याला कारण आहे. व्हर्टेक्स ग्रुप व्हर्टेक्सवर चालतो, फेसच्या कोपऱ्यावर नाही. बेव्हल नसेल तर काठावरचा एकच व्हर्टेक्स पत्र्याचाही असतो आणि भिंतीचाही, आणि उसना नॉर्मल भिंतीलाही चिकटतो. मग भोकाची आतली बाजू विचित्र उजळते. बेव्हल दिला की पत्र्याचा काठ आणि भिंतीचा काठ वेगळे होतात. चार सेगमेंट यासाठी की 90 अंशांचं वळण मध्ये 22.5 अंशांच्या तीन आणि दोन्ही टोकांना 11.25 अंशांच्या एकेका टप्प्यात विभागलं जातं आणि 30 अंशांच्या मर्यादेखाली राहतं. एकच सेगमेंट असता तर 45-45 चे दोन टप्पे झाले असते आणि दोन्ही एजेस तीक्ष्ण ठरल्या असत्या.

आता बाहेरच्या पत्र्याचे सगळे फेस निवडून व्हर्टेक्स ग्रुप करा. बेव्हलच्या पट्ट्या निवडीत नकोत, पण बेव्हलची पत्र्याकडची कड ग्रुपमध्ये येते, ती यायलाच हवी. मग `Data Transfer` मॉडिफायर लावा, `Source` मध्ये न कापलेली प्रत द्या, `Face Corner Data` चालू करून `Custom Normals` निवडा, मॅपिंग `Nearest Face Interpolated` ठेवा आणि खाली व्हर्टेक्स ग्रुप द्या. `Smooth by Angle` त्याच्या वर असू द्या, `Data Transfer` सगळ्यात शेवटी.

तपासायला सॉलिड मोडमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा मॅटकॅप लावून बंब फिरवा. पट्ट्या भोकापाशी येऊन तुटाव्यात आणि पलीकडे त्याच रेषेत सुरू व्हाव्यात. भोकाजवळ त्या लचकत असतील तर ग्रुपमध्ये काहीतरी सुटलंय.

यापेक्षा `Weighted Normal` सोपा नाही का?

सपाट भिंती आणि बेव्हल असलेल्या वस्तूंवर तो उत्तम आहे. मोठा फेस जिंकतो आणि भिंत सपाट दिसते. बंबावर नेमकं तेच नकोय. भोकालगतच्या फेसचं क्षेत्रफळ कापल्यामुळे घटलेलं असतं, म्हणून सांध्यावरचे नॉर्मल शेजारच्या अखंड पट्टीकडे झुकतात. होता त्यापेक्षा डाग वाढतो.

सबडिव्हिजन लावायचं असेल तर?

मग 16 बाजूंचा कटर सोडून द्या, 8 चा घ्या. तेच तीन लूप, तीच चौकट. आता प्रत्येक पाव भागात काठावरचे तीनच व्हर्टेक्स येतात. कोपरा मधल्याशी जोडला की दोन क्वाड होतात, संपूर्ण भोकाभोवती आठ क्वाड, एकही त्रिकोण नाही. भोक गोल करण्याचं काम सबडिव्हिजन करतो. फक्त आठ बाजूंचं भोक सबडिव्हिजननंतर थोडं आकसतं, त्यामुळे तोटी बसवून बघून कटर किंचित मोठा करा.

दुसरी अडचण गोलाईची. काठावरचे व्हर्टेक्स सपाट पट्टीवर बसलेत, खऱ्या वर्तुळावर नाहीत. 32 बाजूंच्या 36 सेंमी व्यासाच्या बंबात पट्टीचा मध्य खऱ्या गोलाईपेक्षा 0.9 मिमी आत असतो. सबडिव्हिजननंतर तिथं पत्रा चेपल्यासारखा दिसतो, जणू बंब कुठंतरी आपटलाय. `Shrinkwrap` मॉडिफायर घ्या, टार्गेट म्हणून 128 बाजूंचा सिलिंडर द्या, आणि परिणाम बाहेरच्या काठाच्या व्हर्टेक्स ग्रुपपुरताच ठेवा. तो सबडिव्हिजनच्या वर हवा. काठ टोकदार राहावा म्हणून भोकाभोवती एक इन्सेट रिंग आणि भिंतीत एक लूप पुरतो.

बेव्हल एका मापानंतर वाढतच नाही. का?

`Clamp Overlap` मुळे. मॉडेलमधली सगळ्यात तंग जागा संपूर्ण मॉडेलचं माप ठरवते. पत्रा 1.5 मिमीचा आहे, भोकाच्या दोन्ही काठांना बेव्हल आहे, म्हणजे प्रत्येकाला 0.75 मिमीच जागा. त्याच मेशमध्ये बंबाचे जाडजूड पाय असतील आणि त्यांना 3 मिमी हवा असेल, तर तेही 0.75 वर अडतात. `Clamp Overlap` बंद करून बघणं हा निदानापुरता चांगला उपाय: जिथं फेस एकमेकांतून आरपार जातील ती जागा दोषी. तसंच सोडून देऊ नका. `Limit Method` मध्ये `Weight` घेऊन भोकाच्या कडांना कमी वजन द्या, किंवा पाय वेगळी वस्तू ठेवा. खऱ्या बंबालाही पाय वेगळेच जोडलेले असतात.

गेमसाठी एक्सपोर्ट करायचंय, क्वाड करायलाच हवेत?

नकोत, तिथं सगळं त्रिकोणच होणार आहे. मात्र ते त्रिकोण तुम्ही ठरवा. नॉर्मल मॅप बेक करण्याआधीच `Triangulate` लावा, आणि तीच मेश एक्सपोर्ट करा. ब्लेंडरनं एका तिरक्यानं बेक केलं आणि इंजिननं दुसऱ्या तिरक्यानं त्रिकोण पाडले, तर भोकाभोवती फुलीसारखी छटा येते आणि ती नॉर्मल मॅपमध्ये शोधत बसलात तर सापडत नाही.

बूलियन अप्लाय केल्यावर तोटी दोन सेंमी खाली घ्यायची झाली तर?

तर सगळं पुन्हा. म्हणून अप्लाय करण्याआधी बंब आणि कटर यांची प्रत वेगळ्या कलेक्शनमध्ये टाकून ठेवा, मॉडिफायर जिवंत असताना. जोवर आकारावर चर्चा चालू आहे तोवर या प्रतीवरच काम करा आणि डागांकडे काणाडोळा करा. तीन लूप, चार पाव भाग आणि `Data Transfer` हे सगळं सवय झाल्यावर वीसेक मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाईकानं तोटीची उंची नक्की केल्यावरच त्याला हात घाला.